आकृतीखालची बारीक ओळ

‘मॅडम, पेपर ओपन ॲक्सेस आहे. मग त्यातली आकृती थीसिसमध्ये घेतली तर चालेल ना? संदर्भ क्रमांक तर देतेच आहे.’

बहुतेक वेळा चालतं, पण लेख फुकट वाचता येतो म्हणून नाही. पुन्हा छापायची मुभा लायसन्समधून मिळते. लेखाच्या पहिल्या पानावर किंवा शेवटी CC BY 4.0, म्हणजे श्रेय देऊन वापरायची मुभा, अशी काही ओळ असते, ती आधी शोधा. सापडलीच नाही, तर मुभा नाही असं धरून चाला.

मात्र ती ओळ सापडली म्हणजे काम झालं, असंही नाही. पुण्यातल्या आमच्या ग्रंथालयात एक विद्यार्थिनी आली होती. पाण्यातले जड धातू बायोचारने कसे शोषले जातात, हा तिचा विषय. तिला एका आढावा लेखातली दोन भागांची आकृती हवी होती आणि लेखावर CC BY 4.0 स्वच्छ छापलेलं होतं. मी तिला आकृतीखालचा मजकूर शेवटपर्यंत वाचायला लावला. भाग ‘अ’ लेखकांनी स्वतः काढलेला होता. भाग ‘ब’ हा सूक्ष्मदर्शकातला फोटो, आणि त्याच्यापुढे ‘परवानगीने पुनर्मुद्रित’ असं लिहून दुसऱ्याच नियतकालिकाचं नाव दिलेलं. म्हणजे ती परवानगी या लेखकांना, या लेखापुरती मिळालेली होती. लेखाचं लायसन्स त्या फोटोला लागू होत नाही.

भाग ‘अ’ तिने घेतला आणि त्यातल्या नावांचं मराठी केलं. CC BY मध्ये बदल चालतो, पण बदल केल्याचं सांगावं लागतं. (लायसन्समध्ये ND असतं, तर असं बदललेलं चित्र प्रसिद्ध करता आलं नसतं.) आकृतीखाली आम्ही असं लिहिलं:

‘आकृती 2.3. [लेखकांची नावं, वर्ष, लेखाचं शीर्षक, डीओआय] यातील आकृती 4(अ) वरून. लायसन्स CC BY 4.0, https://creativecommons.org/licenses/by/4.0/. बदल: भाग ‘ब’ वगळला, नावं मराठीत केली.’

नुसत्या [17] मधून लायसन्सही कळत नाही आणि बदलही कळत नाही, म्हणून संदर्भ क्रमांक पुरत नाही.

मजकुराचं थोडं निराळं आहे. CC BY खाली परिच्छेद जसाच्या तसा घेता येतो, पण अवतरणचिन्हं आणि संदर्भ दिला नाही तर ते वाङ्मयचौर्यच. लायसन्स कॉपीराइटपुरतं बोलतं. ते शब्द तुमचे आहेत असं भासवायची सूट ते देत नाही.

भाग ‘ब’साठी ती मूळ लेखाच्या पानावर गेली आणि तिथल्या परवानगीच्या दुव्यावरून अर्ज केला. वापर कुठे, या रकान्यात तिने फक्त छापील प्रत लिहिलं होतं. प्रबंध पुढे शोधगंगेवर सगळ्यांना खुला होणार, म्हणून तिथे ‘ऑनलाइन प्रतीसह’ असं घालायला लावलं. उत्तर आल्यावर ते पत्र परिशिष्टात जोडलं आणि प्रकाशकाने सांगितलेली श्रेयाची ओळ एक अक्षरही न बदलता फोटोखाली छापली.