ऑफिस बंदची नोटीस मला दोनदा लिहावी लागली

वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात अ‍ॅडमिन आणि पगार दोन्ही माझ्याकडे. माणसं बेचाळीस, निम्मी कल्याणच्या पलीकडून येणारी. जुलैची 5 तारीख. पहाटे सव्वापाचला वॉचमनकाकांचा फोन आला, "मॅडम, मीटर रूममध्ये गुडघाभर पाणी आहे. मेन बंद करायला आत जाऊ का?" मी ओरडलेच, "अजिबात नको, महावितरणला फोन लावा!"

साहेब उठेपर्यंत थांबले आणि साडेसहाला ग्रुपवर टाकलं: 'अतिवृष्टीमुळे ऑफिस पुढील सूचनेपर्यंत बंद. शक्य असेल त्यांनी घरून काम करावे.' वाटलं, झालं काम.

कसलं झालं! बदलापूरची मुलगी सहाच्या लोकलमध्ये चढली होती, ती दिव्याला अडकली. एकाचा लॅपटॉप ऑफिसातच होता. "आजची रजा कापणार का?" हे तर चौघांनी विचारलं. आणि सफाईच्या मावशी ग्रुपवर नव्हत्याच. त्या किसननगरहून पाण्यातून चालत आल्या आणि डब्याची पिशवी छातीशी धरून बंद शटरसमोर उभ्या राहिल्या. काकांनी मला तो फोटो पाठवला.

आठ वाजता दुसरी नोटीस लिहिली. 'आज आणि उद्या ऑफिस बंद. दोन्ही दिवस हजेरी पूर्ण, रजा कापली जाणार नाही, कंत्राटी कर्मचाऱ्यांचीही नाही. निघाला असाल तर परत फिरा. लॅपटॉप घरी असलेल्यांनी दहा वाजता काम सुरू करावे, इतरांनी फक्त फोन चालू ठेवावा. लॅपटॉप आणायला कुणीही ऑफिसात येऊ नये. पुढचा निरोप उद्या दुपारी चारला.' ज्यांच्याकडे व्हॉट्सअ‍ॅप नाही त्यांना स्वतः फोन केले. त्यानंतर माझा फोन जवळजवळ गप्प झाला. उघडण्याची तारीख मला सांगता येत नव्हती. पण निरोप कधी येणार हे कळलं की लोक थांबतात.

खरी धास्ती पगाराची होती. कायद्याने तो 7 तारखेपर्यंत व्हायला हवा आणि हजेरीची शीट बंद पडलेल्या सर्व्हरवर! शेवटी ईमेलमध्ये सापडलेल्या गेल्या महिन्याच्या फाइलवरून पगार काढला, ओव्हरटाइमचा हिशेब पुढच्या महिन्यात. तेही नोटिशीत लिहिलं, नाहीतर सात तारखेला पुन्हा फोन.

6 तारखेला पाणी ओसरलं, पण दिवे लागतात म्हणून ऑफिस उघडायचं नसतं. इलेक्ट्रिशियनने मेगर लावून तपासलं तर दोन लाइनींत ओल निघाली. चार वाजता कळवलं: 'उद्याही बंद. परवा फक्त दुसरा मजला सुरू. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी असल्याने लिफ्ट बंद. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी घरूनच काम करावे.'

8 तारखेला साहेब जिना चढून धापा टाकत आले आणि म्हणाले, "गुडघ्यांचं कलम मलाही लागू होतं की!"