कपाटातली हार्ड डिस्क

इचलकरंजीत दुकानं, सूत व्यापारी आणि करसल्लागार यांच्या ऑफिसमधले कॉम्प्युटर सांभाळणं हे माझं काम. जीएसटी रिटर्न भरायच्या २० तारखेच्या आधीचे दोन-तीन दिवस कुणी मला बोलवत नाही, कारण मशीनला हात लावू द्यायला कुणालाच सवड नसते. त्यामुळे १८ तारखेला सकाळी एका करसल्लागारांच्या ऑफिसातून मॅडमचा फोन आला, तेव्हाच काहीतरी मोठं झालंय हे कळलं. "दादा, टॅली कंपनीच दाखवत नाहीये. आणि सगळ्या फाइलींच्या नावापुढं काहीतरी लागलंय."

जाऊन पाहिलं तर प्रत्येक फाइलीच्या नावाला चार अक्षरांची अनोळखी शेपटी होती आणि प्रत्येक फोल्डरमध्ये `_readme.txt` पडलेली होती. तिच्यात ९८० डॉलरची मागणी, ७२ तासांत संपर्क केलात तर निम्मी, म्हणजे ४९० डॉलर. ही खंडणी मागणाऱ्या व्हायरसची जात ओळखीची आहे, तिला एसटीओपी किंवा डीजेव्हीयू म्हणतात. मोठ्या कंपन्यांच्या मागे ती सहसा लागत नाही. फुकटात मिळवलेल्या, क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून ती छोट्या ऑफिसात शिरते. इथंही आदल्या संध्याकाळी ऑपरेटर पोरानं पीडीएफमधून एक्सेल काढणारं एक सॉफ्टवेअर 'क्रॅकसकट' उतरवलं होतं. अँटिव्हायरस अडवत होता म्हणून त्यानं तो दहा मिनिटांसाठी बंद केला होता. बिचारा कोपऱ्यात उभा होता. त्याला बोलण्यात अर्थ नव्हता, पण नेमकं काय उतरवलं हे त्यानं लगेच सांगितलं, त्यामुळे माझा बराच वेळ वाचला.

बॅकअप नव्हता असं मुळीच नाही. टॅलीचा बॅकअप रोज संध्याकाळी डी ड्राइव्हवर जायचा आणि तिथून मशीनला कायम लावून ठेवलेल्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर. दोन्ही ठिकाणच्या फाइलींना तीच शेपटी लागली होती. जिथं विंडोज लिहू शकतं तिथं हा व्हायरसही लिहू शकतो. विंडोज स्वतः ठेवतं त्या जुन्या प्रतीही त्यानं पुसल्या होत्या. अशिलांचे कागद ठेवलेलं फोल्डर गूगल ड्राइव्हशी जोडलेलं होतं, तर तिथंही बिघडलेल्या फाइली इमानेइतबारे चढल्या होत्या. तिथं निदान मागच्या आवृत्त्या ३० दिवस राहतात, म्हणून ते कागद नंतर एकेक करून परत आणता आले.

तेवढ्यात मॅडमनी पर्समधून दुसरी एक हार्ड डिस्क काढली. दर शनिवारी बॅकअप घेऊन त्या ती घरी नेतात आणि कपाटात ठेवतात. ऑफिसमध्ये चोरी झाली तर असावी, एवढाच त्यांचा हिशेब. पोरगा ती घेऊन मशीनकडे निघाला आणि मी अक्षरशः ओरडलो.

कारण टास्क शेड्युलरमध्ये `Time Trigger Task` नावाची नोंद मला नुकतीच दिसली होती. ही नोंद दर पाच मिनिटांनी व्हायरसला पुन्हा जागं करते आणि नवीन दिसेल ती फाइल तो कुलूपबंद करतो. पेन ड्राइव्ह लावा, डिस्क लावा, तिचीही तीच गत. घाबरलेला माणूस सगळ्यात आधी आपला शेवटचा चांगला बॅकअप त्याच मशीनला लावतो, आणि बहुतेकांचा घात व्हायरसनं नाही, इथं होतो.

नेटची केबल काढली, मशीनमधली डिस्क काढून बाजूला ठेवली आणि माझ्या लॅपटॉपवर तपासली. `C:\SystemID\PersonalID.txt` या फाइलीत व्हायरस आपला आयडी लिहून ठेवतो. तो `t1` नं संपत असेल तर किल्ली सगळ्यांसाठी एकच असते, आणि एम्सिसॉफ्ट या अँटिव्हायरस कंपनीच्या फुकट साधनानं फाइली सुटायची आशा राहते. आमचा आयडी तसा संपत नव्हता. म्हणजे किल्ली फक्त या मशीनसाठी बनलेली, आणि ती त्यांच्याकडेच. "पैसे देऊन बघायचं का?" साहेबांनी विचारलं. मी नको म्हटलं. पैसे देऊन किल्ली मिळेलच याची खात्री नसते, आणि शनिवारची डिस्क हातात होती.

एक गोष्ट मात्र लाभली. हा व्हायरस घाईत असतो, प्रत्येक फाइलीचा सुरुवातीचा साधारण दीडशे केबी भागच तो बिघडवतो. जुन्या अशिलांच्या स्कॅन केलेल्या कागदांच्या मोठ्या झिप फाइली होत्या. झिपची अनुक्रमणिका फाइलीच्या शेवटी असते, त्यामुळे शेपटी काढून टाकल्यावर आतले सुरुवातीचे एक-दोन कागद सोडून बाकी सगळे निघाले. टॅलीच्या फाइलींना याचा काही उपयोग झाला नाही.

दुसऱ्या मशीनवर विंडोज नव्यानं टाकलं, टॅलीप्राइम बसवलं, `Alt+Y` दाबून रिस्टोअर केलं. कंपन्या उघडल्या, पण तेवढ्यावर मी सोडत नाही. मॅडमकडच्या शनिवारच्या छापील ट्रायल बॅलन्सशी पाच-सहा कंपन्यांचे आकडे ताडून घेतले, ते जुळले. राहिल्या सोमवारपासून टॅलीत भरलेल्या नोंदी. खरेदी जीएसटी पोर्टलवरच्या २बी या खरेदीच्या तक्त्यावरून, बँकेचं स्टेटमेंटवरून आणि विक्रीची बिलं व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअॅपवरून पुन्हा भरायला दोघीजणी बसल्या.

साहेबांना वाटलं, संपलं. मला खरी काळजी पुढचीच होती. या व्हायरससोबत बऱ्याचदा पासवर्ड चोरणारा एक जोडीदार येतो. क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड तो काही मिनिटांत उचलतो. इथं क्रोममध्ये जीएसटी, आयकर आणि टीडीएसचे कितीतरी अशिलांचे लॉगिन होते, आणि डेस्कटॉपवर 'पासवर्ड' नावाची एक्सेल फाइल. ऑफिसचे ईमेल दोन. मुख्य ईमेलला दोन टप्प्यांचं लॉगिन होतं. अशिलांकडून कागद मागवायच्या ईमेलला नव्हतं, कारण तो तिघांनी मिळून वापरायचा. दोन्हींमध्ये सुरक्षेच्या पानावर अलीकडच्या हालचाली पाहिल्या. मुख्य ईमेलवर रात्री कुणीतरी बरोबर पासवर्ड टाकून अडकलं होतं. दुसऱ्यावर एक अनोळखी विंडोज मशीन सरळ आत आलं होतं, आणि त्यानं बँकेच्या मेल थेट कचऱ्यात टाकणारा फिल्टर बनवून ठेवला होता. पासवर्ड बदलला तरी असा फिल्टर तसाच राहतो, म्हणून सेटिंग्जमधले फिल्टर आणि फॉरवर्डिंग डोळ्यांनी बघावं लागतं.

पासवर्ड बदलले ते साहेबांच्या फोनवरून, आधी ईमेल आणि मग बाकी सगळं, कारण बाकीच्यांचे रीसेट ईमेलवरच येतात. मुख्य ईमेलवरूनही सगळी उपकरणं साइन आउट केली. ब्राउझरमधली चालू लॉगिनची कुकी चोरीला गेली असेल तर दुसरा टप्पा तिला विचारतच नाही, म्हणून हे करावंच लागतं. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेला घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायचं असतं, ती मेल दुपारीच गेली. पैसे गेले असते तर पहिल्यांदा १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला असता, ते सुदैवानं गेले नव्हते.

रिटर्न वेळेत गेली. आता डिस्क दोन आहेत, आलटून पालटून घरी जातात, आणि बॅकअप झाला की लगेच काढल्या जातात. दुसऱ्या ईमेलला दोन टप्पे लावायचं म्हटल्यावर ऑफिसात कुरकुर झाली: साहेब बाहेरगावी असले तर कोड कुणी सांगायचा? म्हणून ऑथेंटिकेटर अॅप साहेबांच्या आणि मॅडमच्या अशा दोन फोनवर एकाच वेळी क्यूआर स्कॅन करून बसवलं. शिवाय गूगल देतं ते आठ आकड्यांचे दहा बॅकअप कोड छापून तिजोरीत ठेवले. त्यातला एक कोड मॅडमनी परवा वापरला, साहेबांचा फोन दुरुस्तीला होता आणि त्यांचा स्वतःचा घरी राहिला होता.