कधीपासून, किती, कशाने उतरतं

"खरां सांग, करमता मां तुका थंय?"
(आई, दर रविवारी, फोन ठेवता ठेवता)

आई, बाबा,

फोन ठेवता ठेवता विचारलं की माणूस 'होय गो' म्हणणार, दुसरं काय? जर्मनीत आल्यापासून चौदा महिने मी तेच म्हणतोय. तू ते ऐकून घेतेस, पुढच्या रविवारी परत विचारतेस, म्हणजे पटलेलं नाही. मग मी चिडतो. चिडलो की तुला वाटतं, नक्कीच काहीतरी आहे. म्हणून एकदाचं लिहून टाकतो. दुपारी जेवण झाल्यावर वाचा, मी तेव्हा जागा असतो.

ही वेळेची अट उगाच नाही. गेल्या वर्षी नोव्हेंबरात मी एकदा खरं लिहिलं होतं, आठवतं? 'इथे जीव लागत नाही.' एवढंच. मी ते लिहिलं रात्री दहाला, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे अडीच. लिहून हलकं वाटलं आणि मी झोपलो. तू साडेपाचला उठून वाचलंस, तेव्हा माझा रात्रीचा एक वाजला होता. मी उठलो साडेसातला, तुमचे दुपारचे बारा. मधले साडेसहा तास तुमच्या हातात ते एक वाक्य, आणि फोन उचलायला मी नाही. उठलो तर बाबांचे नऊ मिस्ड कॉल. माझं दुखणं तोवर संपलंही होतं. चहा पीत होतो. तुमचं तेव्हा कुठे चढलं होतं.

त्यातून मी काय शिकावं? तर काहीच सांगायचं नाही. नंतर तुम्हाला फक्त फोटो आले. नाताळच्या बाजाराचा, बर्फाचा, मी केलेल्या डाळीचा. त्यातले अर्धे एकाच दिवशी काढलेले होते, ते मी महिनाभर पुरवून पुरवून पाठवले. शर्ट एकच आहे हे तुझ्या लक्षात आलं असणार. मला तेव्हा वाटायचं, हीच जबाबदारी. मुलगा मोठा झाला, आपलं आपण बघतो. त्या मुलाला आज मी पूर्ण चूक म्हणणार नाही. आईचं बीपी त्याला माहीत होतं.

पण मग चतुर्थी आली.

हे मी तुम्हाला आजवर सांगितलेलं नाही. २७ ऑगस्टला आरतीच्या वेळी व्हिडिओ कॉल लावला होता. तुमचे साडेबारा, माझे नऊ. सगळे चाकरमानी गावात आलेले, त्यामुळे नेटवर्कचे हाल. चित्र थांबत होतं, आवाज मात्र येत होता. आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली, गाऱ्हाणं झालं. कोणीतरी मला प्रसाद दाखवला आणि फोन गणपतीसमोरच्या पाटावर उताणा ठेवून दिला. कॉल बंद करायचं राहून गेलं.

मला दिसत होती फक्त माटवी. आंब्याचे टाळे, सुपारीचा शिपटा, एक नारळ, आणि कवंडळाचं लालभडक फळ, तेही स्क्रीनच्या एका कोपऱ्यात अर्धं. वारा आला की ते हलायचं. कौलांवर पाऊस पडत होता. काकी केळीची पानं पुसायला फडका मागत होती. कोणी म्हणालं, वाटाण्याच्या सांबाऱ्यात मीठ कमी. मी लॅबमध्ये कामाला निघालो होतो, एका पायात बूट होता. तसाच पलंगावर बसून राहिलो. बंद करावासा वाटेना. घरात असताना कोणी आपल्याशी बोलत नसतं ना, आपण नुसते असतो, तसा मी अठ्ठावीस मिनिटं होतो.

मग तू काकीशी बोललीस. "प्लास्टर काढल्यान, पण मूठ वळणा नाय अजून. आणि तेका सांगू नको हां. थंय एकटोच आसा, काळजी करीत बसतलो."

कोणाची मूठ, हे कळायला मला वेळ लागला. मग एकेक आठवत गेलं. जुलैपासून बाबा व्हिडिओवर फक्त गळ्यापर्यंत दिसत होते. फोन दर वेळी तू धरलेला. आणि आज आरतीचं तबक धाकट्या काकांच्या हातात होतं, जे आपल्या घरात कधी होत नाही. विहिरीच्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, हे मला काय सांगायला हवं? पुढे काकीने माझं विचारलं. तू म्हणालीस, "बरो आसंय म्हणता. बरो आसंय म्हणणाऱ्या पेशंटाचीच माका भीती."

पुढे दोन-तीन मिनिटांनी माझ्याच फोनची बॅटरी गेली.

मला राग आला. दोन दिवस मी तुमच्या मेसेजना नुसते अंगठे पाठवले. महिनाभर हाड मोडलेलं असतं आणि मुलाला कळू देत नाहीत? मला काय लहान समजता? मग तिसऱ्या दिवशी स्वतःचाच डिसेंबर आठवला, आणि भांडायला तोंड उरलं नाही. तरी राग पूर्ण गेला म्हणणार नाही. तुमचं लपवणं काळजीपोटी आणि माझंही काळजीपोटी, हे कळलं म्हणून बरं वाटतं असं नाही. उलट त्यानंतर बाबा खोकले तरी मला वाटायचं, आता हे काय लपवतायत? तुलाही माझ्या प्रत्येक 'मस्त'चं असंच होत असणार.

तर आता तुझ्याच पद्धतीने सांगतो. उपकेंद्रात कोणी पोर घेऊन आलं आणि 'लय आजारी आसा' म्हणून रडायला लागलं, की तू विचारायचीस: कधीपासून, किती, काय केल्यावर उतरतो, खातो का, झोपतो का. एवढं विचारेपर्यंत त्या बाईचं रडणं थांबलेलं असायचं. मी बाकावर बसून गृहपाठ करता करता हे कितीदा ऐकलंय.

कधीपासून: पहिल्या दिवसापासून नाही. पहिले तीन-चार आठवडे नवलाईत गेले. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे घेतात आणि आपल्यातलं अंतर साडेतीन तासांचं साडेचार होतं. तिथून सुरू झालं. डिसेंबरात इथे पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि सकाळी आठ वाजून गेल्यावरच उगवतो.

किती: रोज नाही. लाटेसारखं येतं. कामात असलो की नसतं. रविवारी हमखास येतं, कारण दुकानं बंद, रस्ते रिकामे, आणि तुमचा फोन नुकताच ठेवलेला असतो. होय, फोननंतर जास्त होतं. म्हणून फोन करू नका असं नाही. पण मी कधी कधी घाईत ठेवतो ते त्यासाठी. आता फोन झाला की लगेच बाहेर पडतो, खोलीत बसत नाही.

खातो. झोपतो. गेल्या डिसेंबरात मात्र साधारण दहा दिवस नीट नव्हते. बारा-बारा तास झोपायचो, तीन प्रॅक्टिकलं बुडवली, ब्रेड आणि चहावर होतो. ते मी लपवलं. ते निव्वळ घरच्या आठवणीचं नव्हतं, अंधाराचंही होतं. नुसती आठवण असती तर गर्दीत, कामात उतरली असती. ती उतरत नव्हती, लोकांत बसलो तरी तशीच राहत होती, तेव्हा मला कळलं की हे वेगळं आहे. विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात चारदा जाऊन आलो. घाबरू नकोस, तूही अशा पोराला पुढे पाठवलंच असतंस. या वर्षी तसं झालेलं नाही. झालं तर आठवड्याच्या आत सांगेन. हे वचन नाही, प्रयत्न समज.

कशाने उतरतं, हे जरा विचित्र आहे. बाबा, रोस्टॉकला समुद्र आहे म्हणून तुम्ही खूश झाला होतात. मीही. पहिल्याच आठवड्यात गाडीने वीस मिनिटांवर वार्नेम्युंडेच्या किनाऱ्यावर गेलो. पाणी चाखून बघितलं, मीठ आपल्या निम्म्यानेही नाही. आणि भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. सकाळी पाणी जिथे, संध्याकाळी तिथेच. ओहोटीला उघडा पडणारा चिखल नाही, त्याचा वास नाही, वाकून मुळे-शिंपले काढणाऱ्या बायका नाहीत. समुद्र नसता तर एवढी आठवण आली नसती. या समुद्राने जास्त आणली. नोव्हेंबरातला तो मेसेज तिथूनच परत आल्यावर लिहिला होता.

तुम्ही शिकवलेला भरतीचा हिशोब मग मी इथे धरला. तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार. कालनिर्णयाचं पान फोनमध्ये ठेवलंय. रोज तिथी बघायची आणि आचऱ्याच्या खाडीत आत्ता पाणी चढतंय की उतरतंय ते काढायचं. पंचमीला तिथे भरती येते त्या आकड्यालाच इथे उजेड जातो, याची मला गंमत वाटते. कोणाला सांगितलं तर हसतील. पण पाच मिनिटं त्या हिशोबात गेली की लाट ओसरते. का, ते मला माहीत नाही.

इथल्या भाषेत याला हाइमवे म्हणतात. हाइम म्हणजे घर, वे म्हणजे दुखणं. १६८८ साली बासलमध्ये योहानेस होफर नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने यावर प्रबंध लिहिला. घरापासून लांब राहिलेली तरुण पोरं खंगतात, हा आजारच आहे असं धरून त्याने त्याला ग्रीक शब्दांतून नॉस्टॅल्जिया हे नाव दिलं. त्याचा उपाय साधा होता, पोराला घरी पाठवा. आई, तुला हा डॉक्टर आवडेल. मला नाही आवडला. मला दुखतंयही आणि मला इथे राहायचंयही. तुमच्या प्रश्नाला हो किंवा नाही यातलंच उत्तर लागतं, तिथेच मी अडकतो. करमतं. आणि रविवारी नाही करमत.

यापुढे मी असं करणार आहे. लाट आली की त्या रात्री लिहिणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लिहीन, तुमची दुपार असते तेव्हा, आणि पुढचा तासभर फोन हातात ठेवीन. कधी आली, किती वेळ होती, त्या दिवशी काय जेवलो, तेवढं लिहीन. फोटो त्याच दिवसाचे पाठवीन, शर्ट बघून घे.

तुम्हीही तसंच लिहा. सुरुवात बाबांनी करायची. उजवा हात की डावा? मूठ आता पूर्ण वळते का? गरम पाण्यात बोटांचा व्यायाम सांगितला असेल, तो करता की दोन दिवसांत सोडलात? आईला विचारत नाहीये. तुमच्याच हाताने लिहून पाठवा, अक्षर बघतो.