88 वर अडकलेला बँड: नोंद चौथी

कोडं सुटलं. मागच्या नोंदीत लिहिलं होतं तसं, तोच फिटनेस बँड जुन्या साध्या फोनच्या 5 व्होल्ट 0.5 अँपिअरच्या चार्जरवर निमूटपणे 100 टक्के होतो आणि 10,000 मिलीअँपिअर-तासांच्या नव्या दणकट पॉवर बँकेवर 88 वर येऊन बसतो. तीन वेळा लावला, तिन्ही वेळा 87-88. दुकानात नेला तर एकच निदान ऐकायला मिळतं: हाऊ बँड गया, बॅटरी उतरली. बॅटरी ठणठणीत आहे. दोष बँडचा नाही आणि पॉवर बँकेचाही नाही, दोघांची गाठ चुकीची पडली आहे.

आधी उघडलेल्या बँडचं. बॅटरी 125 मिलीअँपिअर-तासांची, तिच्याशेजारी 4054 जातीची पाच पायांची चार्जिंग चिप. या चिपच्या एका पायाला एक रोधक असतो आणि चार्जिंगचा प्रवाह तोच ठरवतो. हिशेब सोपा आहे: 1000 ला किलोओहमने भागायचं, उत्तर मिलीअँपिअरमध्ये येतं. इथे रोधक 10 किलोओहमचा, म्हणजे 100 मिलीअँपिअर. बाहेर अर्धा अँपिअरचा चार्जर असो की 65 वॉटचा, हा बँड 100 च्या वर एक मिली ओढणार नाही. चार्जर प्रवाह ढकलत नसतो, तो फक्त 5 व्होल्ट तयार ठेवतो आणि किती घ्यायचं ते आतली चिप ठरवते. विहिरीला पाणी कितीही असो, पोहरा एका लिटरचा असला तर एका खेपेला लिटरच वर येणार.

रोधक बदलून प्रवाह वाढवावा का, असा प्रश्न मागे आला होता. वाढवू नका. एवढ्याशा सेलला स्वतःच्या क्षमतेइतका, म्हणजे 125 मिलीपर्यंतचा प्रवाह मानवतो. अर्धा अँपिअर घातला तर तो चौपट झाला. सेल फुगतो आणि काच उचलून बाहेर येते. शिवाय ही चिप जास्तीचे व्होल्ट उष्णतेत घालवते. बॅटरी 3.7 वर असताना उरलेले 1.3 व्होल्ट गुणिले 100 मिली, म्हणजे 0.13 वॉट. बंद रबरी खोळीत एवढं पुरे. पाचपट केलं तर 0.65 वॉटावर जाईल, आणि तेही मनगटाला टेकणाऱ्या वस्तूत.

याच कारणामुळे दुबळा चार्जर इथे चालून जातो. चिपला बॅटरीच्या 4.2 च्या थोडं वर, म्हणजे साधारण 4.4 व्होल्ट मिळाले की झालं. म्हातारा चार्जर 4.8 पर्यंत खाली बसला तरी तिला फरक पडत नाही. क्लिपच्या पिनांवर घामाचं मीठ चढून 2 ओहमचा अडथळा आला तरी 100 मिलीवर 0.2 व्होल्टच पडतात. फोन 1 अँपिअर ओढतो, तिथे त्याच अडथळ्यावर 2 व्होल्ट गेले असते आणि चार्जिंग बंद पडलं असतं. फोनला नकोशी झालेली केबल बँडला म्हणूनच चालते.

आता 88 चं गूढ. प्रवाह मिनिटामिनिटाला मोजल्यावर चित्र उघडं पडलं. यूएसबीत अडकवायचा तो छोटा पडद्याचा मीटर मात्र या कामाला घेऊ नका. स्वस्तातले बहुतेक 50 मिलीच्या खाली नुसते 0.00 दाखवतात, आणि आपला सगळा मामला त्याच पट्ट्यात आहे. साधा मल्टिमीटर 200 मिलीच्या रेंजवर ठेवून मालिकेत जोडला की दशांशापर्यंत दिसतं. त्याच रेंजवर अर्धा अँपिअर ओढणारा ई-रीडर जोडलात तर मात्र आतला फ्यूज उडू शकतो, त्यासाठी 10 अँपिअरचं भोक.

सुरुवातीला 100 मिली, अगदी सपाट. साधारण 50 मिनिटांनी बॅटरी 4.2 व्होल्टला टेकली आणि प्रवाह उतरू लागला. हे लिथियमच्या प्रत्येक चार्जिंगमध्ये होतं: आधी प्रवाह स्थिर, मग व्होल्ट स्थिर आणि प्रवाह हळूहळू कमी. ठरवलेल्या प्रवाहाच्या दहाव्या हिश्शावर, म्हणजे 10 मिलीवर, चिप स्वतः थांबते. जुन्या चार्जरवर हे 1 तास 50 मिनिटांत पूर्ण झालं. पॉवर बँकेवर सुमारे 70 व्या मिनिटाला प्रवाह 45 वर आला, आणखी अर्धा मिनिट गेला, आणि मीटरवर थेट शून्य.

पॉवर बँक उघडली तर आत 5306 चिप. तिच्या माहितीपत्रकातच लिहिलंय: बाहेरचा भार 45 मिलीअँपिअरच्या खाली 32 सेकंद राहिला की ती झोपते. फोन पूर्ण झाला की बँक उगाच रिकामी होऊ नये म्हणून ही सोय. फोनच्या बाबतीत शहाणपणाची, पण बँडचा शेवटचा अख्खा टप्पा 45 च्या खालीच जातो. बँकेला वाटतं काम संपलं, बँडला वाटतं लाइट गेली.

याच्याहून वाईट हाल पूर्ण मेलेल्या बँडचे. बॅटरी 2.9 व्होल्टच्या खाली गेली असेल तर चिप तिला आधी दहाव्या हिश्शानेच, म्हणजे 10 मिलीने, जोजवत वर आणते. बँक 32 सेकंदांत झोपते, बटण दाबून उठवा, पुन्हा 32 सेकंद. असा बँड पॉवर बँकेवर दिवसभर ठेवला तरी डोळे उघडणार नाही. त्याला भिंतीवरच्या जुन्या चार्जरवर टाका आणि अर्धा तास हात लावू नका.

ई-रीडरला हा त्रास का होत नाही, तेही आता कळलं. बाकावरच्या रीडरची बॅटरी 1500 ची आणि चार्जिंग 500 मिलीने. दहावा हिस्सा 50. म्हणजे बँकेची 45 ची रेघ यायच्या आधीच रीडर स्वतः थांबतो. पाच मिलीच्या फरकाने सुटतो बिचारा. वेळ चार तासांच्या आसपास लागतो, पण ई-इंकचा पडदा पान उलटतानाच वीज घेतो आणि एकदा भरला की आठवडेच्या आठवडे चालतो. महिन्यातून एकदा चार तास लागत असतील तर फास्ट चार्जर आणून काय वाचवायचं?

उपायाकडे येऊ. मूळ बेत होता खोटा भार लावायचा: यूएसबीच्या 5 व्होल्टवर आडवा 82 ओहमचा रोधक, पट्टे करडा-लाल-काळा. 61 मिली सतत जातात, बँक जागी राहते. रोधक पाव वॉटचा घेऊ नका. त्यावर 0.3 वॉट जळतात, तो तापून काळा पडतो. 1 वॉटचा घ्या. 100 ओहमवर 50 मिलीच जातात, ते बँकेच्या रेघेच्या फार जवळ आहे. लावून पाहिला आणि बँड पहिल्यांदाच बँकेवर 100 झाला! प्रवाह 10 वरून शून्यावर उतरताना पाहायला मजा आली, खोटं कशाला बोला.

लिहिता लिहिता हिशेब केला आणि बेत बदलला. बँड एका चार्जिंगला 5 व्होल्टवर साधारण 0.6 वॉट-तास घेतो. तेवढ्या वेळात रोधकही जवळपास तेवढेच जाळतो. हे एक वेळ सोसेल, पण रोधक लावून विसरलात तर बँक कधीच झोपणार नाही आणि चार-साडेचार दिवसांत कोरडी होईल. मग 555 टायमर लावून दर 20 सेकंदांनी क्षणभर भार द्यावा असा विचार आला, अर्धं सर्किट कागदावरही उतरलं. ते आता कागदावरच राहील, कारण त्याहून सोपं सापडलं: रोधकाच्या जागी यूएसबीचा 1 वॉटचा एलईडी दिवा. मोजला तर 190 मिली ओढतो. आपल्याकडे बँड पॉवर बँकेवर लावायची वेळ येते ती लाइट गेल्यावरच, तेव्हा दिवा तसाही हवा असतो. भार खोटा उरत नाही. दिवा नको असेल तर रीडर आणि बँड एकत्र लावा. रीडरचे 500 मिली बँकेला जागं ठेवतात आणि बँड त्याच्या आधी उरकतो. एक अट आहे. 5306 सारख्या बँकांत दोन्ही भोकं आतून एकच असतात, पण काही महागड्या बँका प्रत्येक भोकाचा भार वेगळा मोजतात. तिथे दिवा आणि बँड एकाच भोकावर, दुहेरी फाट्याने लावावे लागतात. काही बँकांत बटण दोनदा दाबलं की कमी प्रवाहाची सोय चालू होते. असेल तर बाकी काहीच करायला नको, खरेदी करताना हेच विचारा.

उन्हाळ्यातली एक गंमत या मोजमापात घुसली होती, ती बाजूला काढावी लागली. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 ला जातो, आणि बऱ्याच बँड-रीडरांत सेलचं तापमान 45 अंशांच्या वर गेलं की चार्जिंग थांबवायची व्यवस्था असते. पत्र्याखाली दुपारी दोनला घेतलेले आकडे म्हणून फेकून दिले. वरचे सगळे पहाटेचे आहेत.

राहिला तो 65 वॉटवाला चार्जर. तो बँड जाळत नाही, कारण मागितल्याशिवाय तो 5 च्या वर जातच नाही आणि बँडला मागता येत नाही. उलट टाइप-सी भोकाच्या काही स्वस्त रीडरांना तो काहीच देत नाही. भोकामागे 5.1 किलोओहमचे दोन रोधक असावे लागतात, ते दिसले तरच सी-टू-सी केबलवरचा चार्जर वीज सोडतो. बनवणाऱ्याने ते वाचवले असतील तर रीडर मेल्यासारखा पडून राहतो. चपट्या जुन्या यूएसबीची ए-टू-सी केबल लावा, जुना अर्धा अँपिअरवाला लावा, लगेच उठेल. जळगावच्या गोलाणी मार्केटात काउंटरवर हात जातो तो 33 वॉटवाल्याकडेच. साधा 5 व्होल्टचा मागून घ्या.

पुढच्या नोंदीत 40 मिलीने चार्ज होणारा दुसरा बँड. तो बँकेवर पहिल्याच 32 सेकंदांत मरतो. दिव्यासोबत लावून ठेवलाय, आत्ता 61 टक्के.