खाड्याचा हिशेब

रोज लिहायचं ठरवणारा नवखा माणूस पहिला आकडा जरा ऐटीतच सांगतो. "रोज हजार शब्द!" हजार शब्द म्हणजे नेमके किती, हे त्याने हाताने लिहून पाहिलेलं नसतं. साध्या वहीच्या एका ओळीत आठ-दहा शब्द मावतात, म्हणजे हजार शब्दांना चार-पाच पानं झाली. सराव नसेल तर त्यात दीड-दोन तास सहज जातात. नव्याचे नऊ दिवस म्हणतात खरं, पण इतक्या ओझ्याखाली नऊ दिवसही निघत नाहीत.

महिन्याभरात कादंबरी लिहायचा उपक्रम अमेरिकेत ख्रिस बेटी यांनी १९९९ मध्ये २१ जणांना घेऊन सुरू केला. पुढे तो जगभर पसरला. त्यातलं लक्ष्य होतं ३० दिवसांत ५० हजार शब्द, म्हणजे रोजचे १,६६७. आता समजा, यातले तीन दिवस बुडाले. चौथ्या दिवशी त्या दिवसाचे धरून ६,६६८ शब्द अंगावर येतात. एवढी थकबाकी बघून कोण वही उघडेल? माझं तर ठाम मत आहे, की माणूस खाड्यामुळे लिहायचं सोडत नाही, खाडा भरून काढायच्या हट्टामुळे सोडतो.

म्हणून माझ्या एका मैत्रिणीला महिन्याचा बेत आखून दिला, तेव्हा आकडे मुद्दाम लहान ठेवले. पहिला आठवडा रोज १०० शब्द, म्हणजे दहा-बारा ओळी. दुसरा आठवडा १५०. तिसऱ्यातही १५०च, कारण नवेपणा तोवर ओसरलेला असतो आणि शेवट अजून दिसत नसतो. उरलेले नऊ दिवस २००. एकही दिवस न चुकता लिहिलं तर ४,६०० शब्द होतात, पण तीसपैकी पंचवीस दिवस भरले तरी महिना पार पडला असं धरायचं. पाच खाडे आधीच मंजूर! विषय आठवड्याचे एकदम, सात, वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचे. लिहायला बसल्यावर विषय शोधत बसलं, की लिहायची वेळ त्यातच संपते. महिना संपेपर्यंत मागचं वाचून दुरुस्त करायचं नाही, हेही सांगितलं. ते तिने पाळलं नसणार.

खाड्याचा नियम असा: बुडालेले शब्द बुडाले. त्यांची भरपाई करायची नाही. परतल्यावर पहिल्या दिवशी फक्त तीन वाक्यं, दुसऱ्या दिवशी ठरलेल्याच्या निम्मे शब्द, तिसऱ्या दिवशी पूर्ववत. आणि पुन्हा 'दिवस पहिला' लिहायचं नाही, तारीख चालते तसाच दिवसाचा आकडा पुढे चालू ठेवायचा.

दुसऱ्या आठवड्यात तिला ताप आला. दहावा, अकरावा आणि बारावा दिवस कोरा गेला. जुन्या हिशेबाने तेराव्या दिवशी तिच्या डोक्यावर ६०० शब्द असते. त्याऐवजी वहीत 'दिवस १३' आणि त्याखाली एवढंच होतं: "ताप उतरला. जिभेला अजून चव नाही. खिडकीच्या काचेवर कोणाच्या तरी बोटांचे ठसे आहेत, आणि ते इतक्या वर आहेत, की माझे नसावेत." चौदाव्या दिवशी ७५ शब्दांचा बेत होता, झाले ऐंशीच्या आसपास, सगळे त्या ठशांबद्दल. पंधराव्या दिवसापासून गाडी रुळावर.

ताप वेगळा, पण ताप नसतानाही एकाच आठवड्यात दोनदा खाडा पडला, तर कारण बघायला हवं. बसायलाच जमलं नसेल, तर चूक वेळेची आहे. शब्द कमी करून उपयोग नाही, तास बदलायचा. बसूनही पान कोरं राहिलं, तर विषय फार मोठा आहे. 'बालपण' काढून 'शाळेचा डबा' घ्यायचा. लिहिता लिहिता अर्धा तास उलटून गेला आणि दुसऱ्या दिवशी नको वाटलं, तर मात्र आकडाच जड आहे. एक पायरी खाली यायचं, २०० वरून १५०.

महिन्याकडून फार अपेक्षा ठेवायची नाही. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी सवयींचा अभ्यास केला, तो २०१० मध्ये छापून आला. त्यात एखादी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागताना दिसले, आणि माणसागणिक हा आकडा १८ पासून थेट २५४ पर्यंत. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात आढळलं. तेव्हा तीस दिवसांत बहुतेकांची सवय अर्ध्या वाटेवरच असते. एकतिसाव्या दिवशी आपसूक हात वहीकडे गेला नाही, तर नवल नाही. मैत्रिणीने त्या दिवशी मागच्या पानावर पुढचे सात विषय लिहिले, आणि रोजचा आकडा पुन्हा १०० वर आणला.