आधी प्युअर सिक्वेन्स, मग बाकीचे

"नवशिक्याला रमी शिकवताना तुम्ही सुरुवात कुठून करता? आणि पहिले पान कोणते टाकायला सांगता?"

मी तेरा पानांच्या, दोन कॅट घेऊन खेळायच्या रमीबद्दल लिहितो. सेट म्हणजे एकाच किमतीची, वेगवेगळ्या रंगांची तीन किंवा चार पाने, आणि सिक्वेन्स म्हणजे एकाच रंगाची ओळीने येणारी किमान तीन पाने, एवढे कोणालाही लगेच कळते. मी वेळ देतो तो पुढच्या अटीला: किमान दोन सिक्वेन्स हवेत आणि त्यांतला एक प्युअर, म्हणजे जोकरचा आधार न घेता लावलेला हवा. तो नसताना दुसऱ्याने डाव लावला, तर तुमचे सुरेख सेटसुद्धा गुणांत मोजले जातात, आणि ते गुण ८० पर्यंत जाऊ शकतात.

मग मी ही तेरा पाने समोर मांडतो: बदामाची छक्की आणि सत्ती, किलवरची नव्वी आणि गुलाम, इस्पिकची दुर्री आणि तिर्री, किलवरची तिर्री, चौकटचे राजा, राणी आणि पंजी, इस्पिकचा राजा, बदामाचा एक्का आणि एक जोकर. बहुतेक नवशिके दोन राजे हातात धरून पंजी टाकतात. मी त्यांना बदामाचा एक्का टाकायला सांगतो, कारण त्याला हातात जोडीदार नाही आणि तो १० गुणांचा आहे, तर पंजीचे ओझे फक्त ५ गुणांचे.

दुसरा जाईल तो इस्पिकचा राजा, आणि इथेच बहुतेकांचा हात अडखळतो. राजांच्या जोडीला बदामाचा किंवा किलवरचा राजा लागतो, म्हणजे दोन कॅटमधली चार पाने. बदामाच्या छक्की-सत्तीलाही पंजी किंवा अठ्ठी अशी चारच पाने चालतात. शक्यता सारखीच, पण राजांचा सेट जमला तरी प्युअर सिक्वेन्सची अट तशीच उरते, आणि सेटमधली उणीव पुढे जोकरने भरून काढता येते. चौकटचा राजा मात्र राणीबरोबर दोन-तीन फेऱ्या ठेवावा, कारण गुलाम किंवा एक्का आला की तिथेही प्युअर सिक्वेन्स होतो. किलवरच्या नव्वी-गुलामाला फक्त दश्शी चालते, म्हणजे दोनच पाने. दोन्ही दश्श्या टाकलेल्या पानांत दिसल्या की आधी गुलाम सोडावा.

पान टाकताना पुढच्या खेळाडूने काय उचलले होते, हेही मी आठवायला लावतो. त्याने बदामाची नव्वी उचलली असेल, तर तुम्हाला नकोशी झालेली बदामाची सत्तीसुद्धा त्याच्या हाती द्यायची नसते. अशा वेळी त्याने स्वतः टाकलेल्या पानाच्या किमतीचे दुसरे पान टाकणे बहुधा कमी धोक्याचे ठरते.