सोयाबीनच्या उरलेल्या बॅगा परत करताना

लातूर जिल्ह्यात आमचं कृषी सेवा केंद्र आहे. खरिपाचा माल भरणं, पेरणीची गर्दी, उधारीच्या वह्या, हे सगळं दरवर्षी होतं आणि निभतंही. पण उरलेलं बियाणं परत करायला गेलो की डोकं फिरतं. मागच्या हंगामाचा राग अजून उतरलेला नाही.

सोयाबीनच्या ३० किलोच्या २०० बॅगा घेतल्या होत्या. पहिल्या पावसावर निम्म्याहून जास्त गेल्या, मग पावसाने ओढ दिली. आता दुकानदाराने काय करायचं? दुबार पेरणी आली तर लोक रात्री दार वाजवतात, म्हणून थोडा माल ठेवावाच लागतो. आणि वितरकाची परतीची मुदत नेमकी याच दिवसांत संपते. मी थांबलो. पाऊस आला, जुनी पेरणी तरली, दुबारची वेळच आली नाही आणि माझ्याकडे ६० बॅगा राहिल्या. एक बॅग तीन हजारांच्या आसपास, म्हणजे पावणेदोन-दोन लाख रुपये गोदामात अडकले.

मुदत संपायच्या आत फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, "भाऊ, लेबल बघा ना, डिसेंबरपर्यंत वैध आहे. घाई कशाची?" लेबल त्याचंच बरोबर होतं. उगवण चाचणी मार्चमधली, तिथून नऊ महिने वैधता. पण जुलैचा मध्य उलटल्यावर आमच्याकडे सोयाबीन पेरतो कोण? उन्हाळी सोयाबीनवाले डिसेंबरच्या मध्यानंतर पेरणार, तोवर लेबल संपत आलेलं. पुढच्या जूनची तर गोष्टच सोडा. सोयाबीनचं टरफल पातळ असतं, बॅग आपटली तरी आतला अंकुर दुखावतो, एका पावसाळ्याच्या दमटपणात उगवण ७० टक्क्यांच्या खाली येते. आणि ७० हीच तर कायद्याची किमान मर्यादा. कागदावर जिवंत असलेलं बियाणं धंद्यासाठी जुलैतच मेलेलं असतं, हे त्या माणसाला कळत होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं.

तेलाच्या मिलला घालून मोकळं व्हावं, तर तेही नाही. हे बियाणं बुरशीनाशक लावून, रंगवूनच आलेलं. ते खाण्यात जाता कामा नये. म्हणजे परत घेतलं नाही तर सगळा भुर्दंड आपल्या माथी.

शेवटी "आणा" म्हणाले. टेम्पो भरून नेला, तर गोदामावरचा कारकून म्हणे, या दोन लॉटचे नंबर तुमच्या बिलात नाहीत, हा माल आमचा नाही. बिलात नुसतं वाण आणि बॅगांची संख्या होती, लॉट डिलिव्हरी चलनावर लिहिलेले. आणि चलनाची प्रत त्याच्याच फायलीत! ती फाईल काढायला त्याला साहेबाची परवानगी हवी, साहेब दौऱ्यावर. टेम्पोचं भाडं चढत होतं आणि बॅगा उन्हात.

सुटका झाली ती साठा रजिस्टरमुळे. माल उतरला तेव्हाच लॉटवार नोंद केली होती, शेतकऱ्यांना दिलेल्या पावत्यांवरही लॉट होता. त्या लॉटच्या इतक्या आल्या, इतक्या विकल्या, इतक्या उरल्या, बेरीज जुळवून समोर ठेवली. मग चलनही सापडलं. क्रेडिट नोट मात्र हरभऱ्याच्या हंगामात मिळाली, तीही रोख नाही, हरभऱ्याच्या बियाण्यात वळती करून. माझे पैसे तोवर बिनव्याजी त्यांच्याकडे.

आता मी बुकिंगच्या वेळीच परतीची तारीख आणि टक्केवारी लिहून घेतो. आणि एकदम २०० उचलत नाही. पेरणीलायक, म्हणजे ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत थोडा माल ठेवतो, पुढचा नंतर. शिवाय घरचं बियाणं राखणारे वाढलेत. एप्रिल-मेमध्ये गोणपाटावर १०० दाणे ठेवून कोणाची उगवण चांगली आली, ते गावात विचारलं की आपली विक्री किती घटेल याचा अंदाज येतो.

खताचं एवढं दुखणं नाही. युरियाला बियाण्यासारखी वैधता नसते, फक्त पॉस मशीनवरचा साठा आणि गोदामातला साठा जुळला पाहिजे. पण युरिया आणि बियाणं एका खोलीत ठेवू नका, खताची ओल बियाण्याला मारते. जिवाणू खतांना मात्र मुदत असते, बाटलीवरची तारीख बघूनच घ्या.

हो, एक राहिलं. सोयाबीनची थप्पी सात-आठ बॅगांच्या वर नको, खालच्या बॅगांतलं बियाणं दबून उगवणीला मार बसतो. परत नेताना गाडीतही तेवढीच ठेवा, आणि हमालाला बॅग फेकू देऊ नका, फाटलेली बॅग ते घेतच नाहीत.